रात्री दोनचे सिंक आणि जाणाऱ्याचे पत्र

डेटा इंजिनिअर नोकरी सोडतो तेव्हा त्याने लावून दिलेली कामे सुरूच राहतात. ऑर्डरच्या डेटाबेसमधल्या नव्या नोंदी रोज रात्री अहवालांच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे वेअरहाऊसमध्ये, नेणारे एखादे सिंक तो ऑफिसात असला काय नि नसला काय, ठरल्या वेळी चालते. हे सिंक ज्याच्या गळ्यात पडणार त्या सहकाऱ्यासाठी नोटीस पिरियडमध्ये एक पत्र लिहिले जाते. केटीच्या बैठका होतातच, पण बैठकीत ऐकलेले महिन्याभरात विसरते आणि सिंक बहुधा त्यानंतर अडते.

अशी बहुतेक पत्रे काय चालते याची यादी देतात. ती यादी नव्या माणसाला सर्व्हरवरूनही मिळते. जे मिळत नाही ते म्हणजे एखादी गोष्ट तशी का ठेवली आहे याचे कारण. पुण्यातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या ऑनलाइन विक्री कंपनीची कल्पना करावी. तिथल्या सर्व्हरवर वेळापत्रकाच्या या तीन ओळी आहेत:

```
30 20 * * *   /opt/sync/orders.sh
0 22 * * 6    /opt/sync/order_ids.sh
30 22 1 * *   /opt/sync/month_report.sh
```

ही क्रॉनची भाषा. क्रॉन हा ठरल्या वेळी कामे सुरू करणारा प्रोग्रॅम युनिक्सवर १९७० च्या दशकापासून आहे, आणि त्याची लिहिण्याची पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. डावीकडून मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि आठवड्याचा वार. तारा म्हणजे ‘कोणताही’. पहिली ओळ वाचून कोणीही म्हणेल की ऑर्डरचे सिंक रात्री साडेआठला चालते. प्रत्यक्षात ते मध्यरात्रीनंतर दोनला चालते.

कारण सर्व्हरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले आहे आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. २०:३० मध्ये ५:३० मिळवले की दुसऱ्या दिवशीचे २:०० होतात. एवढे लक्षात आले तरी दुसऱ्या ओळीत वार फसवतो. क्रॉनमध्ये ६ म्हणजे शनिवार, पण यूटीसीच्या शनिवारी रात्री दहाला भारतात रविवारचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. म्हणून पत्रात या कामाला ‘रविवार पहाटेचे’ असेच म्हटले पाहिजे. नाहीतर शनिवारी पहाटे ते चालले नाही म्हणून कोणीतरी हाताने चालवेल.

तिसऱ्या ओळीचा घोळ त्याहून खोल आहे. महिन्याचा अहवाल १ तारखेला पहाटे हवा, ही हिशेब विभागाची साधी मागणी. पण भारतातली १ तारखेची पहाट म्हणजे यूटीसीतला आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. तो कधी २८, कधी ३०, कधी ३१ असतो आणि ‘शेवटचा दिवस’ असे साध्या क्रॉनमध्ये लिहिण्याची सोय नाही. क्रॉनच्या काही आवृत्त्यांत ओळींच्या वर `CRON_TZ=Asia/Kolkata` लिहून भारतीय वेळ वापरता येते, पण सगळ्यांत नाही. म्हणून इथे अहवाल २ तारखेला पहाटे चारला निघतो. हे कारण लिहून ठेवले नाही, तर नवा माणूस १ च्या जागी 31 घालून तो ‘एक दिवस लवकर’ आणू पाहील आणि ज्या महिन्यांत ३१ तारीखच नाही त्या महिन्यांत अहवाल निघणारच नाही.

हाच साडेपाच तासांचा फरक आकड्यांतही शिरतो. १५ ऑगस्टला रात्री एक वाजता आलेली ऑर्डर यूटीसीत १४ ऑगस्टच्या १९:३० ची असते. अहवालात तारीख काढण्याआधी वेळ भारतीय करून घेतली नाही, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातली सगळी विक्री आदल्या दिवसावर जाते. एरवी त्या वेळेत ऑर्डर थोड्या असल्याने फरक कोणाच्या नजरेत भरत नाही. बरोबर बाराला सेल उघडतो त्या दिवशी मात्र तो सगळ्यांना दिसतो.

आता मुख्य सिंक. लाखो ऑर्डर रोज नव्याने उतरवून घेणे परवडत नाही, म्हणून आदल्या वेळेनंतर बदललेल्या तेवढ्याच घेतल्या जातात. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरसमोर `updated_at` हा रकाना असतो. ओळ बदलली की त्यात वेळ नोंदवली जाते. सिंक आजवर पाहिलेली सर्वांत अलीकडची वेळ खूण म्हणून जपून ठेवते आणि पुढच्या रात्री त्या खुणेच्या पुढचे मागते. वाचायला हे निर्दोष वाटते. पण orders.sh मध्ये प्रत्यक्षात असे लिहिलेले आहे:

```
WHERE updated_at > :last_seen - INTERVAL '2 hours'
```

म्हणजे खुणेच्या दोन तास मागून सुरुवात. हे वाया घालवलेले काम वाटते. नवा इंजिनिअर चांगला असेल तर ‘सुधारणा’ म्हणून तो हे दोन तास पहिल्याच आठवड्यात काढून टाकेल. पत्रातला सर्वांत मोठा परिच्छेद या एका ओळीवर हवा.

कंपनीत रात्री पेमेंटचा मेळ घालणारा एक प्रोग्रॅम चालतो. आलेल्या पैशांप्रमाणे तो शेकडो ऑर्डरवर ‘पैसे जमा’ असा शेरा मारतो, आणि हे सगळे एकाच व्यवहारात करतो. म्हणजे शेवटपर्यंत सगळे नीट झाले तरच सर्व शेरे एकदम पक्के होतात. तोवर बाहेरून कोणाला ते दिसत नाहीत. डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि रकान्यात वेळ `now()` ने भरली जाते. पोस्टग्रेसमध्ये `now()` देते ती वेळ व्यवहार सुरू झाल्याची असते, तो पक्का झाल्याची नव्हे. समजा एके रात्री मेळ १:५८:५० ला सुरू झाला आणि २:००:४० ला पक्का झाला. सिंकने २:००:०० ला वाचन केले. त्या क्षणी मेळातल्या ओळींचे नवे रूप त्याला दिसले नाही, पण दुसऱ्या कोणाची १:५९:५७ ला बदललेली ऑर्डर दिसली. खूण १:५९:५७ वर गेली. दुसऱ्या रात्री सिंक त्यापुढचेच मागणार, आणि मेळातल्या ओळींवर वेळ आहे १:५८:५०. त्या पुन्हा कधीच उचलल्या जाणार नाहीत. लॉगमध्ये चूक नाही आणि काम यशस्वी झाल्याची नोंद आहे. तरीही काही ऑर्डर वेअरहाऊसमध्ये कायम ‘पैसे बाकी’ राहतात.

दोन तास मागून वाचल्याने ही फट बुजते. पण त्यामुळे तीच ओळ दोन-दोनदा येते, म्हणून ती उतरवताना ऑर्डर क्रमांक आधीच असेल तर नवी ओळ न घालता जुनी बदलायची, अशी व्यवस्था `ON CONFLICT` ने केलेली असते. या दोन गोष्टी जोडीने आहेत. एक काढली की ओळी गळतात, दुसरी काढली की दुप्पट होतात किंवा सिंक अडते. दोन तासच का, हेही सांगावे लागते. मेळ घालायला आज जास्तीत जास्त पन्नास मिनिटे लागतात आणि त्याच्या दुपटीहून थोडे अधिक धरले आहे. धंदा वाढून मेळालाच दोन तास लागू लागले, की ही ओळ पुन्हा गळू लागेल.

गळती ओळखायची कशी? पहिला विचार दोन्हीकडच्या ऑर्डर मोजण्याचा येतो, पण इथे तो उपयोगाचा नाही. गळलेली ऑर्डर वेअरहाऊसमध्ये आहेच, फक्त तिचा शेरा जुना आहे. त्यामुळे संख्या बरोबर जुळते. म्हणून आठ दिवसांहून जुन्या ऑर्डर घेऊन दोन्हीकडे शेऱ्यानुसार रकमांची बेरीज करायची. इतक्या जुन्या ऑर्डर क्वचितच बदलतात, त्यामुळे ‘पैसे बाकी’ची बेरीज वेअरहाऊसमध्ये जास्त आली तर बदल वाटेत हरवला आहे असे समजावे. उपायही सोपा आहे. खूण पंधरा दिवस मागे नेऊन सिंक एकदा हाताने चालवायचे. जुनी ओळ बदलण्याची व्यवस्था असल्याने कितीही वेळा चालवले तरी नुकसान होत नाही.

मुळातून पुसलेल्या ऑर्डरसाठी मात्र ही सगळी रचना आंधळी आहे. पुसलेल्या ओळीला `updated_at` नसते, कारण ओळच नसते. चाचणीसाठी टाकलेल्या किंवा चुकून दुहेरी आलेल्या ऑर्डर कोणी थेट पुसल्या, तर वेअरहाऊसमध्ये त्या विक्री म्हणून मिरवत राहतात. रविवार पहाटेचे काम यासाठीच आहे. ते दोन्हीकडच्या फक्त ऑर्डर क्रमांकांची तुलना करते आणि मुळात नसलेल्यांवर ‘रद्द’ असा शिक्का मारते. शेरे ते तपासत नाही, त्यामुळे वरच्या गळतीवर त्याचा उपाय चालत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसांत संख्येत चार-दोनचा फरक दिसला तर तो बिघाड नव्हे.

एखाद्या रात्री सर्व्हर बंदच असेल तर? चुकलेले काम क्रॉन नंतर भरून काढत नाही. पण ऑर्डरच्या सिंकला त्याने फरक पडत नाही. खूण जागची हललेली नसते आणि पुढच्या रात्री ते दोन दिवसांचे एकदम उचलते. घाईने काही करण्याची गरज नाही, हे पत्रात स्पष्ट असावे. महिन्याच्या अहवालाचे तसे नाही. तो २ तारखेला चुकला तर हातानेच चालवावा लागतो.

शेवटचा भाग मालकीचा. तो पत्रात सहसा चार ओळींत उरकला जातो. क्रॉनचे वेळापत्रक प्रत्येक खात्याचे वेगळे असते. `crontab -l` लिहिले की ज्या नावाने लॉगिन केले आहे त्याचीच कामे दिसतात. वरच्या तीन ओळी जाणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात असतील, तर नव्या माणसाला रिकामे वेळापत्रक दिसेल, आणि आयटी विभागाने ते खाते काढले की कामेही थांबतील. क्रॉन आपले निरोप खात्याच्या मेलवर पाठवतो. तो मेल उघडणाराच गेलेला असल्याने थांबलेले कोणाला कळणार नाही. पेमेंट कंपनीकडून माहिती आणणारी किल्ली वैयक्तिक नावाने काढलेली असेल तर तिचेही तेच. म्हणून कामे आधी कोणाही व्यक्तीच्या नसलेल्या सर्व्हिस खात्यावर हलवावी लागतात. पत्रात पासवर्ड लिहायचे नसतात. ते कुठल्या तिजोरीत आहेत आणि तिथे प्रवेश कोण देतो एवढेच लिहायचे.

हलवाहलव पुरी झाली का, हे पत्र वाचून समजत नाही. त्यासाठी शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी जाणाऱ्याचे सर्व्हरवरचे खाते गोठवून घ्यायचे. तो अजून शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो. त्या आठवड्यात एक रविवार येतोच. महिन्याची १ तारीख मात्र येईलच असे नाही, म्हणून महिन्याचा अहवाल त्याच दिवसांत नव्या खात्यावरून नव्या माणसाने एकदा हाताने काढून पाहायचा आणि मागच्या महिन्याच्या आकड्यांशी ताडायचा.