पन्हळ भरून का वाहते?

कोकणातल्या बहुतेक जुन्या कौलारू घरांना पन्हळ नसायचीच. पाणी पागोळ्यांनी थेट अंगणात पडायचं आणि छप्पर भिंतीपासून एवढं पुढे आलेलं असायचं की जोतं सहसा भिजत नसे. फार तर येण्याजाण्याच्या दारावर पोफळीचं खोड चिरून, कोरून बसवलेली एखादी पन्हळ दिसे. आता पागोळीखाली सगळीकडे पत्र्याच्या नाही तर पीव्हीसीच्या पन्हळी लागल्या आहेत. कुणाला पाणी विहिरीत सोडायचं असतं, कुणाला प्लास्टरची भिंत जपायची असते. हेतू चांगला असतो. पण पहिल्याच मोठ्या पावसात पन्हळ काठोकाठ भरते, पाणी काठावरून भिंतीवर कोसळतं, आणि पुढल्या वर्षी मोठी पन्हळ आणली जाते. माझ्या मते हा पैसा बहुतेक वेळा वाया जातो. पन्हळ लहान असणं हे कारण क्वचितच असतं. अडचण असते ती तिच्या तोंडाशी, पाइपात किंवा उतारात.

एका घराचा हिशेब करून पाहू. पुढच्या पाख्याची लांबी 10 मीटर आहे, आणि आढ्यापासून पागोळीपर्यंतचं आडवं अंतर 4 मीटर. आडवं अंतर अशासाठी, की सरळ पडणारा पाऊस छपराची तिरकी लांबी पाहत नाही, त्याने झाकलेली जमीन पाहतो. म्हणजे 40 चौरस मीटर झाले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. कोकणात एखादी सर दहा-पंधरा मिनिटं तासाला 100 मिलिमीटर या वेगाने सहज कोसळते. त्या वेळी या पाख्यावरून ताशी 4,000 लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 67 लिटर पाणी उतरतं. 15 सेंटिमीटर रुंदीची अर्धगोल पन्हळ स्वच्छ असेल तर हे पाणी वाहून नेते.

पुढचा प्रश्न खाली उतरणाऱ्या पाइपाचा. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या तक्त्यात या वेगाच्या पावसाला 100 मिलिमीटर व्यासाचा पाइप सुमारे 42 चौरस मीटर छपराला पुरतो असं दिलं आहे. 75 मिलिमीटरचा मात्र जेमतेम 20 चौरस मीटरना. व्यास पाऊणपट, काम निम्म्याहून कमी! दुकानात दोन्ही पाइप शेजारी उभे असतात तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून स्वस्त पडतो तो 75चा घेतला जातो आणि एकाच टोकाला लावला जातो. आपल्या घराला एकतर एक 100चा पाइप हवा, नाही तर दोन टोकांना दोन 75चे. शक्य असेल तिथे मी दुसरा पर्याय निवडेन. पन्हळ मधोमध उंच ठेवून दोन्हीकडे उतार दिला की पाण्याला दहाऐवजी पाचच मीटर धावावं लागतं, आणि एक तोंड तुंबलं तरी बरंचसं पाणी पन्हळीत चढून दुसऱ्या तोंडाने निघून जातं.

उतार किती, हा वादाचा विषय. साधारण दोनशेला एक पुरतो, म्हणजे दर मीटरला 5 मिलिमीटर. एकाच टोकाला पाइप असेल तर 10 मीटरला 5 सेंटिमीटर, दोन्हीकडे असेल तर मधल्यापेक्षा प्रत्येक टोक अडीच सेंटिमीटर खाली. एवढा उतार खालून नुसत्या डोळ्यांनी धड कळत नाही, म्हणून तो अंदाजाने देऊ नये. पागोळीच्या रेषेवरून तर मुळीच मोजू नये, कारण जुन्या घरांचे वासे बसलेले असतात आणि पागोळीच वाकडी असते. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी घ्यावी, दोन्ही टोकांना समपातळीची खूण करावी, हव्या त्या टोकाला उताराएवढं खाली उतरावं, मग दोरी ताणून त्या दोरीवर क्लॅम्प मारावेत. उलट, भरमसाट उतारानेही नुकसान होतं. खालचं टोक कौलांपासून दहा सेंटिमीटर खाली गेलं, तर वाऱ्यात पागोळीचं पाणी पन्हळीत पडण्याआधीच उडून बाहेर जातं.

दिलेला उतार टिकतो तो क्लॅम्पांमुळे. ही पन्हळ काठोकाठ भरली, तर एका मीटरमध्ये जवळजवळ नऊ किलो पाणी असतं. दहा मीटरला नव्वद किलो. क्लॅम्प दीड मीटरवर असतील तर मध्ये झोळ पडतो. झोळात पाणी साचतं, साचलेल्या पाण्यात माती आणि पानं बसतात, वजन वाढतं आणि झोळ आणखी वाढतो. म्हणून क्लॅम्पांतलं अंतर साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटरच ठेवावं.

आता पानं. आंबा किंवा फणस छपरावर झुकलेला असेल तर पन्हळीत वर्षभर काही ना काही पडतच असतं. आंब्याचं पान चिवट, लवकर कुजत नाही. मे अखेरपर्यंत ते सुकून पन्हळीत पडून राहतं आणि पहिल्या जोरदार सरीत सगळी पानं एकदम तरंगत तोंडाशी येतात. एक-दोन पानं आडवी पडली की त्यांच्यामागे बाकीची अडतात. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. अशा वादळात पाऊस आणि झाडांचा पाला एकाच वेळी छपरावर येतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात साफ केलेली पन्हळही तुंबू शकते.

तोंडावर सपाट जाळी ठोकणं हा लोकप्रिय उपाय मला पटत नाही. एकच मोठं पान तिच्यावर चिकटलं की झाकणच तयार होतं. तारेची घुमटासारखी वर आलेली जाळी बरी. पानं तिच्या पायाशी अडली तरी वरून पाणी जातं. साफसफाई एकदा मेअखेर करावी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरात पुन्हा. ही दुसरी फेरी बहुतेक जण टाळतात, आणि खरा गाळ तेव्हाच हाती लागतो. ती उघडीप पाहूनच करावी, ओल्या कौलांवर पाय देऊ नये आणि शिडी विजेच्या तारेपासून लांब लावावी.

दोष कुठे आहे हे भर पावसात छत्री घेऊन उभं राहिलं तर कळतं. पाणी तोंडाजवळच्या टोकाला ओसंडत असेल तर तोंड किंवा पाइप तुंबलेला आहे. मध्येच एका ठिकाणी ओसंडत असेल तर तिथे झोळ आहे किंवा पानांचा बांध. सगळ्या लांबीवर एकसारखं ओसंडत असेल आणि पाइप पूर्ण जोराने वाहत असेल, तरच मोठ्या पाइपाचा किंवा पन्हळीचा विचार करावा. पाऊस थांबून तासभर झाला तरी पन्हळीत पाणी दिसलं, तर उतार बिघडला आहे.

पाइप तुंबतो तो बहुधा पहिल्या वळणावर, जिथे तो पागोळीपासून मागे भिंतीकडे येतो. वरून बादलीभर पाणी ओतावं. ते तोंडाशी चढून राहिलं तर पाइपावर काठीने ठोकत खाली यावं. जिथपर्यंत पाणी किंवा गाळ भरला आहे तिथे आवाज बद्द येतो. काटकोनी वळणाऐवजी पंचेचाळीस अंशांची दोन वळणं घातली आणि त्याखाली उघडता येईल असं झाकण ठेवलं, तर पाइप कापायची वेळ येत नाही.

एवढं करूनही काही पाऊस कुठल्याच पन्हळीला झेपत नाहीत. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तसल्या दिवसासाठी पन्हळ बांधायला गेलं तर घराला कालवा टांगावा लागेल. पण पाणी कुठल्या बाजूने ओसंडावं हे मात्र आपल्याला ठरवता येतं. पन्हळीचा बाहेरचा काठ भिंतीकडच्या काठापेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवावा. मग पन्हळ भरली तरी पाणी अंगणात पडतं, वाशांच्या टोकांत आणि भिंतीत मुरत नाही. क्लॅम्प मारतानाच हे बघून घ्यायचं असतं. नंतर ते दुरुस्त करायचं म्हणजे सगळी पन्हळ पुन्हा उतरवावी लागते.