एकच रक्कम, निरनिराळी वर्षासने

बालाघाटजवळच्या भरवेली येथील मँगनीज खाणीतून निवृत्त झालेल्या दोन समवयस्क गृहस्थांनी, पेन्शन पॉलिसीची मुदत भरल्यावर, दहा-दहा लाखांची वर्षासने एकाच कंपनीकडून एकाच दिवशी घेतली, तरी दरमहाची रक्कम भिन्न येऊ शकते. कारण कंपनी हिशेब करते तो हप्ते किती काळ द्यावे लागतील याचा.

केवळ आजन्म वर्षासनाचा हप्ता सर्वांत मोठा. परंतु मृत्यूबरोबर तो खुंटतो आणि शिल्लक दीर्घायुषी वर्षासनदारांच्या कामी येते. दहा वर्षांची हमी घेतलेला चौथ्या वर्षाअखेर वारला, तर उर्वरित सहा वर्षे हप्ता वारसास मिळतो. तो जगला, तर आमरण चालू राहतो. संयुक्त वर्षासनात पतीपश्चात पत्नीस पूर्ण किंवा निम्मा हप्ता मिळतो. दोन आयुष्ये धरल्याने तो आरंभीच घटतो. मुद्दल वारसास परत देण्याच्या प्रकारात कंपनीला बहुतांशी व्याजच वाटता येत असल्याने हप्ता सामान्यतः सर्वांत लहान.

वर्षासन करपात्र असते आणि एकदा सुरू झाल्यावर पर्याय सहसा बदलता येत नाही. पत्नीस स्वतंत्र उत्पन्न नसेल, तर मोठ्या आकड्यास न भुलता संयुक्त वर्षासनच घ्यावे.