सतराशे पिनांवर एक प्रोसेसर

"मामा, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम लावल्यात, पण स्क्रीनवर आठच जीबी दिसतेय."

भाच्याने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला होता. बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह, त्याला साजेसा मदरबोर्ड, दोन रॅम. कॉम्प्युटर सुरू होत होता, विंडोजही चढलं होतं, म्हणून त्याला वाटलं की एक रॅम खराब निघाली. दुकानदाराकडे ती बदलून मागायच्या तयारीत तो होता. मी म्हटलं, आधी रॅम एकेक करून लावून बघ.

दोन्ही रॅम आलटून पालटून एकाच खाचेत लावल्या, तर दोन्ही चालल्या. म्हणजे रॅम चांगल्या होत्या. मग एकच रॅम दुसऱ्या जोडीच्या खाचेत लावली. स्क्रीन काळी राहिली आणि बोर्डावरचा रॅमचा छोटा दिवा पेटून राहिला. त्या जोडीतल्या शेजारच्या खाचेतही तेच. दोन खाचा एकाच दिवशी मरत नाहीत. त्या दोघींना जोडणारी वाट कुठेतरी तुटली होती, आणि ती वाट थेट प्रोसेसरकडे जाते. रॅमशी बोलणारा भाग हल्ली प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोसेसरच्या पोटावरचा ठिपका, त्याखालची सॉकेटची पिन, तिथून बोर्डातल्या तांब्याच्या रेषा आणि शेवटी रॅमची खाच, असा तो रस्ता. त्यात सगळ्यात नाजूक दुवा पिनेचा.

"प्रोसेसर बसवताना काही झालं होतं का?" मी विचारलं. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "बोटातून जरासा सुटला होता. एक कोपरा आधी टेकला. मग नीट बसावा म्हणून थोडा सरकवला."

त्या सरकवण्यानेच घात केला असणार.

पूर्वी पिना प्रोसेसरला असत आणि सॉकेटला भोकं. इंटेलने २००४ साली घरगुती प्रोसेसरच्या पिना काढून सॉकेटमध्ये नेल्या आणि प्रोसेसरच्या पोटावर फक्त सपाट सोनेरी ठिपके ठेवले. एएमडीने तोच बदल आपल्या घरगुती रायझनमध्ये २०२२ साली केला. प्रोसेसर हाताळायला त्यामुळे सोपा झाला, पण जोखीम बोर्डाकडे गेली. भाच्याच्या सॉकेटचं नावच १७०० आहे, कारण त्यात तितक्या पिना आहेत. प्रोसेसरचा आकार साडेसदतीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, म्हणजे ढोबळमानाने एका चौरस मिलिमीटरला एक पिन. आणि ही पिन टाचणीसारखी सरळ उभी नसते. ती एक चिमुकली स्प्रिंगची पट्टी असते, तिरकी झुकलेली, टोकाला किंचित वळलेली. वरून सरळ दाब आला की ती लवते आणि दाब गेला की परत येते. त्यासाठीच ती बनवलेली आहे. आडवा धक्का मात्र तिला सोसत नाही. प्रोसेसरची कड तिच्या टोकावरून सरकली की टोक अडकतं आणि पट्टी वाकडी होते. एकदा वाकली की आपोआप सरळ होत नाही.

म्हणून प्रोसेसर बसवताना सरळ खाली ठेवायचा असतो. तिरका टेकवायचा नाही, आत सरकवायचा नाही आणि वरून दाबायचाही नाही. बोर्ड टेबलावर सपाट ठेवावा, उभ्या कॅबिनेटमध्ये हे काम करू नये. आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला किंवा अर्थिंग असलेल्या कुठल्याही धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. सॉकेटच्या बाजूचा खटका थोडा खाली दाबून बाहेरच्या बाजूला घ्यायचा, आकड्यातून सुटला की पूर्ण वर उचलायचा, मग धातूची चौकट उघडायची. चौकटीवर काळं प्लास्टिकचं झाकण असतं. ते आत्ता काढायचं नाही, चौकटीबरोबर ते आपसूक वर येतं.

प्रोसेसर समोरासमोरच्या दोन कडांनी धरावा, चिमटीत, पोटावरच्या ठिपक्यांना बोट न लावता. बोटाचं तेल तिथे राहिलं तर संपर्क बिघडू शकतो. दिशा ओळखायला दोन खुणा आहेत. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात छोटा त्रिकोण छापलेला असतो आणि तसाच त्रिकोण सॉकेटच्या किंवा चौकटीच्या एका कोपऱ्यात असतो. हे दोन्ही एकाच कोपऱ्यात यायला हवेत. दुसरी खूण म्हणजे प्रोसेसरच्या कडांना कोरलेल्या बारीक खाचा. सॉकेटच्या भिंतीला तशीच उंचवट्याची बोटं असतात, ती या खाचांत बसतात. बसवण्याआधी प्रोसेसर सॉकेटच्या जरा वर धरून दोन्ही खुणा डोळ्यांनी जुळवून घ्याव्यात. एकदा टेकला की फिरवाफिरवी नको. नीट बसलेला प्रोसेसर चारी बाजूंनी सारख्या उंचीवर दिसतो. एक कड जरी वर वाटली, तरी वरून दाबू नये. दोन्ही कडा धरून सरळ वर उचलावा आणि पुन्हा ठेवावा.

मग चौकट खाली आणायची. तिचं पुढचं टोक स्क्रूच्या डोक्याखाली सरकलं पाहिजे. त्यानंतर खटका खाली. इथे बहुतेक नवखे घाबरतात, कारण खटका जड लागतो आणि करकर आवाज येतो. तो आवाज साहजिक आहे. प्रत्येक पिनेला थोडंसंच दाबायचं असतं, पण सतराशे पिनांचा तो दाब एकत्र झाला की हाताला जाणवतो. प्रोसेसर सपाट बसला आहे याची आधी खात्री केली असेल, तर हा जोर निर्धास्त लावावा. खटका बसता बसता काळं झाकण टपकन सुटून वर येतं. ते उचलून ठेवायचं.

भाच्याने हे सगळं केलं होतं. फक्त प्रोसेसर टेकतानाचा तो एक क्षण चुकला.

सॉकेट उघडण्याआधी एक सोपी शक्यता तपासली. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले, तर प्रोसेसरवरचा दाब असमान होतो आणि पिना चांगल्या असूनही एखादी जोडी मरते. आम्ही स्क्रू सैल करून समोरासमोरचे थोडे थोडे आळीपाळीने आवळले. फरक पडला नाही. तेव्हा वायर काढली, कूलर उतरवला आणि चौकट बंद असतानाच प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतली. हा क्रम महत्त्वाचा आहे. चौकट उघडल्यावर पुसायला गेलं, तर पेस्टचा ठिपका पिनांत पडतो आणि मग तो काढताना आणखी पिना वाकतात.

प्रोसेसर उचलून त्याच्या डबीत ठेवला. वरून पाहिलं, तर सॉकेट अगदी व्यवस्थित दिसला. वाकलेली पिन सरळ वरून सहसा दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च अगदी खालच्या कोनात, जवळजवळ आडवा धरला आणि बोर्ड हळूहळू फिरवला. पिनांची टोकं ओळीने चमकत होती, पेरलेल्या शेतातल्या सरींसारखी. एका कोपऱ्याजवळ ती ओळ मोडली. तीन ठिपके भलत्याच जागी चमकत होते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं. दोन पिना शेजारणीकडे झुकलेल्या, तिसरी जवळजवळ आडवी. शेजारणीला मात्र कोणी टेकलेली नव्हती.

टेकली असती, तर गोष्ट वेगळी. सॉकेटमधल्या बऱ्याच पिना वीज आणण्याच्या आणि परत नेण्याच्या असतात. त्यातली एखादी नुसती वाकली, तर इतर पिना तिचं काम वाटून घेतात आणि काही कळतही नाही. पण विजेची पिन दुसऱ्या पिनेला चिकटली, तर शॉर्ट होऊन प्रोसेसर किंवा बोर्ड जळू शकतो. म्हणूनच प्रोसेसर हातातून सुटल्याची आठवण असेल, तर वीज देऊन बघण्याआधी सॉकेट बघावा. भाच्याचं नशीब असं, की त्या तिन्ही पिनांतून फक्त रॅमचे संदेश जात असावेत.

पिना सरळ करायला सोनारांकडे असतं तसं दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक बारीक शिवणाची सुई घेतली. आधी त्याच ओळीतल्या चांगल्या पिनेचा कल नीट पाहून घेतला. कारण काही सॉकेटमध्ये एका भागातल्या पिना एका दिशेला झुकतात आणि दुसऱ्या भागातल्या दुसऱ्या, त्यामुळे भलतीकडची पिन नमुना म्हणून घेतली तर फसगत होते. मग सुईच्या टोकाने वाकलेल्या पिनेला अगदी केसभर ढकलायचं, थांबायचं, टॉर्च लावून बघायचं, पुन्हा केसभर. पहिल्या दोन पिना पाच-सहा धक्क्यांत ओळीत आल्या. तिसरीला अर्धा तास लागला. तिला एका दमात उभं करायचा मोह होतो, पण पातळ धातू पुढे-मागे वाकवला की थकतो आणि बुडाशी तुटतो. तुटलेल्या पिनेवर घरी इलाज नाही. सॉकेट बोर्डाला खालून शेकडो सोल्डरच्या गोळ्यांनी झाळलेला असतो. तो बदलायला खास यंत्र असलेला कारागीर लागतो आणि साध्या बोर्डाच्या किमतीत ते परवडत नाही. हात थरथरत असेल, तर हे काम अशा कारागिराकडेच न्यावं.

एएमडीच्या एएम-फोर सॉकेटचे कॉम्प्युटर अजून पुष्कळ घरांत आहेत. तिथे उलट आहे. १३३१ पिना प्रोसेसरला असतात. त्यात धोका काढताना. वाळलेली पेस्ट कूलरला इतकी घट्ट धरते, की कूलर ओढला की प्रोसेसर बंद खटक्यातूनही उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून वायर काढावी आणि कूलर सरळ न ओढता डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवावा. तिथल्या वाकलेल्या पिना ओळीत घ्यायला शिसं काढलेली ०.५ ची यांत्रिक पेन्सिल चांगली उपयोगी पडते. पिन तिच्या नळीत शिरते आणि हलकेच सरळ करता येते.

आमच्या सॉकेटवर प्रोसेसर पुन्हा ठेवला, या वेळी मी. खटका करकरला, नवी पेस्ट, कूलर, दोन्ही रॅम. बायोस उघडलं. सोळा जीबी. भाच्याने तरी एकेक रॅम चारही खाचांत लावून पाहिली आणि मग गेम लावून रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवला. सकाळीही सोळाच होते.

ते काळं झाकण त्याने कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढलं. वॉरंटीत पिना वाकलेला बोर्ड सहसा घेत नाहीत, हातून झालेलं नुकसान मानतात. पण बोर्ड दुसऱ्या कारणासाठी परत करायचा झाला, तर सॉकेटवर झाकण हवंच, नाहीतर वाटेतच पिना वाकतात. आता ते बोर्डाच्या खोक्यात आहे. शेजारी एका कागदावर त्याने लिहिलंय, "विकत घेताना दुकानातच झाकण उघडून फोटो काढणे."