इथपर्यंत बरोबर

सर गेल्याचा निरोप आला त्याच रात्री आमच्या बॅचनं ठरवलं, तेराव्यानंतरच्या रविवारी शाळेच्या सभागृहात शोकसभा घ्यायची आणि सुरुवातीला चार मिनिटांची चित्रफीत दाखवायची. संहिता लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मसुदा तासाभरात झाला. ज्ञानाचा अथांग सागर, विद्यार्थ्यांचा आधारवड, कधीही न भरून निघणारी पोकळी. सकाळी वाचला तेव्हा जाणवलं, सरांचं नाव काढून दुसऱ्या कुणाचंही घातलं असतं तरी त्यातला एक शब्द बदलावा लागला नसता. तो मसुदा बाजूला ठेवला.

मग जुन्या विद्यार्थ्यांना फोन सुरू केले. 'सर कसे होते?' असं विचारलं की सगळेच 'देवमाणूस' म्हणतात आणि गप्प होतात. म्हणून प्रश्न बदलला: सरांनी केलेली, तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगा. तिघांनी, एकमेकांशी न बोलता, एकच गोष्ट सांगितली. गणित चुकलं तर सर त्यावर काट मारत नसत. ज्या ओळीत चूक झाली तिच्यावर लाल ठिपका देत आणि समासात लिहीत, 'इथपर्यंत बरोबर.' एका मैत्रिणीकडे आठवीची वही अजून होती. चित्रफितीचा कणा मिळाला.

संहिता दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे पडद्यावर काय दिसतं ते, उजवीकडे काय ऐकू येतं ते. जे दिसतंय तेच पुन्हा शब्दांत सांगायचं नाही, एवढं पाळलं की निवेदन आपोआप निम्म्यावर येतं. वहीचा भाग असा झाला:

दृश्य: वहीचं पान, हळूहळू जवळ.
निवेदन: आठवी ब. चक्रवाढ व्याज. उत्तर चुकलं आहे.
दृश्य: लाल ठिपका, समासातलं अक्षर.
(चार सेकंद शांतता. संगीतही नाही.)
निवेदन: घरी जाऊन मी पाचव्या ओळीपासून पुन्हा सोडवलं.

समासात काय लिहिलंय हे निवेदकानं वाचलं नाही. ते सभागृहानं वाचलं.

मराठी निवेदन संथ लयीत वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे चार मिनिटांत चारशे बसतात, पण आम्ही सव्वादोनशेच ठेवले. उरलेली जागा शांततेला आणि तीन विद्यार्थ्यांच्या आवाजांना, प्रत्येकी वीस सेकंद. शब्द जास्त झालेत का हे कागदावर कळत नाही. फोटो समोर ठेवून, घड्याळ लावून मोठ्यानं वाचावं. फोटो नीट पाहून होण्याआधीच पुढचं वाक्य आलं, तर वाक्य काढायचं. एका फोटोला पाच-सहा सेकंद लागतातच. त्यामुळे आलेल्या सत्तर फोटोंपैकी बावीस घेतले.

'सर आज आपल्यात नाहीत' ही सुरुवातही काढली. सभेला आलेल्या प्रत्येकाला ते ठाऊकच असतं. निवेदनात त्यांना सगळीकडे 'सर'च म्हटलं, कारण आम्ही हाक तशीच मारायचो. 'कै.' आणि पूर्ण नाव फक्त शेवटच्या पाटीवर.

मसुदा पक्का करण्याआधी काकूंना वाचून दाखवला. हे कुणीही टाळू नये. एका जुन्या स्मरणिकेतून आम्ही घेतलेलं निवृत्तीचं साल एका वर्षानं चुकीचं निघालं. 'अत्यंत गरिबीतून वर आले' हे वाक्य ऐकून काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते स्वतः हे कुणाला सांगत नव्हते रे." वाक्य गेलं. दवाखान्यातला एक फोटो होता, तोही गेला.

आवाज फोनवरच घेतले. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर. बोलताना एकाचा गळा दाटून आला. तो थांबला ती जागा आम्ही ठेवली, नंतरचं रडणं कापलं. फोटो मात्र पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर साधे पाठवले गेले आणि मोठ्या पडद्यावर सरांचा चेहरा धूसर दिसला. तेच फोटो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवले, मग ठीक आले. आदल्या दिवशी सभागृहात लावून पाहिलं म्हणून हे कळलं. सकाळच्या उजेडात वहीचं पान पडद्यावर पार फिकं पडतं हेही तेव्हाच लक्षात आलं. खिडक्यांना जाजमं बांधली.

पार्श्वसंगीताला नुसता तानपुरा होता, आवाजाच्या बराच खाली. शेवटच्या पाटीवर नाव, जन्माची आणि जाण्याची तारीख, दहा सेकंद. दिवे लावणाऱ्या शिपाईकाकांना सांगून ठेवलं होतं की पडदा काळा झाल्यावर लगेच बटण दाबू नका. ते सरांच्याच वर्गात होते. त्यांनी बराच वेळ दाबलं नाही.