गच्चीवरचं ऊन, सड्यावरचा वारा

सोलर पॅनेल बसवायचं ठरलं की पश्चिम महाराष्ट्रातल्या घरात हमखास एक शंका निघते. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, तेव्हा पॅनेल काय कामाचं? मग गच्चीच्या कोपऱ्यात एक छोटी पवनचक्कीच जोडीला लावली तर? पावसाळ्यात वारा तर भरपूर असतो. शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर हवामानाच्या जुन्या नोंदींत सापडतं. मात्र पुण्यातल्या चारमजली इमारतीच्या गच्चीसाठी ते एक निघतं आणि साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या उघड्या सड्यासाठी अगदी वेगळं.

आधी उन्हाचं पाहू. हवामान वेधशाळेत वर्षानुवर्षं ऊन मोजलं गेलं ते एका भरीव काचेच्या गोळ्यानं. कॅम्पबेल-स्टोक्स हे या उपकरणाचं नाव. गोळ्यामागे तासांच्या खुणा छापलेली जाड कागदाची पट्टी असते. ऊन पडलं की गोळा भिंगासारखं काम करतो आणि सूर्य सरकेल तशी पट्टीवर जळालेली रेघ उमटत जाते. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी पट्टी काढायची, जळालेल्या तुकड्यांची लांबी जोडायची, की त्या दिवसाचे सूर्यप्रकाशाचे तास मिळाले. पुण्याच्या नोंदींत मे महिन्यात रोजची सरासरी दहा तासांच्या आसपास असते, तर जुलै-ऑगस्टमध्ये ती चारावरही जात नाही.

हा आकडा पाहून माणूस म्हणतो, पावसाळ्यात वीज तिसऱ्या हिश्शावर आली. इथेच चूक होते. कागद जळायला थेट आणि बऱ्यापैकी कडक ऊन लागतं, पॅनेलला तशी अट नाही. ढगांतून गाळून आलेला, आभाळभर पसरलेला उजेडही पॅनेल घेतं. त्या उजेडाची नोंद पट्टीवर होत नाही, पण विजेच्या मीटरवर होते.

उन्हाच्या तासांवरून ऊर्जा काढण्याची रीत स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी १९२४ मध्ये मांडली. पुढे प्रेस्कॉट यांनी १९४० मध्ये तिला आज वापरात असलेलं रूप दिलं. ती सोपी आहे. वातावरणाबाहेर त्या तारखेला जितकी ऊर्जा येते, तिचा साधारण पाव हिस्सा दिवसभर सूर्य दिसला नाही तरी जमिनीवर पोचतो. त्यात भर पडते ती प्रत्यक्ष उन्हाच्या तासांना दिवसाच्या लांबीनं भागून त्याच्या निम्म्याची. स्थानिक मोजमापं असतील तर हे पाव आणि निम्मे थोडे बदलतात, नसतील तर हेच धरतात.

पुण्यासाठी हे मांडून बघा. मे महिन्यात दिवस तेरा तासांचा, ऊन दहा तासांचं. म्हणजे पाऊण भागाहून थोडं अधिक. त्याचं निम्मं आणि वर पाव, असे शंभरातले ६४ मिळतात. वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला रोज ११ युनिट येतात, त्यातली सात गच्चीवर पडतात. आता ऑगस्ट. ऊन साडेतीन तासांचं, म्हणजे दिवसाच्या चौथ्या हिश्शाहून जरा जास्त. हिशेब ३९ टक्क्यांवर येतो आणि गच्चीवर चार युनिट पडतात. उन्हाचे तास दहावरून साडेतीनवर आले, पण ऊर्जा सातावरून चारावर. कागदावर दिसते तेवढी पडझड प्रत्यक्षात होत नाही.

दर चौरस मीटरला जितकी युनिट पडतात, जवळपास तितकीच युनिट एक किलोवॉटच्या पॅनेलनं द्यावीत असा हिशेब असतो. त्यातला पाचवा हिस्सा उष्णता, धूळ, तारा आणि इन्व्हर्टरमध्ये जातो. मे महिन्यात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापतं आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते, त्यामुळे मेचे सात साडेपाचांच्याही खाली उतरतात. ऑगस्टमध्ये पॅनेल थंड असतं, पावसानं धुतलेलंही असतं. तेव्हा चारातली तीनाच्या आसपास युनिटं हाती लागतात. ही तीन युनिटं लक्षात ठेवा, पवनचक्कीची तुलना त्यांच्याशी करायची आहे.

त्याआधी नोंदी कुठल्या घ्यायच्या ते पाहिलं पाहिजे. सगळ्यात जवळचं केंद्र घ्यायचं, हे सपाट मुलखात चालतं. सह्याद्रीत चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात ढग दिवसेंदिवस डोंगरावर बसून राहतो. तिथून घाट उतरून वाईला आलं की पाऊस कितीतरी पटींनी कमी आणि आभाळही अधूनमधून उघडं. वाईच्या घरासाठी महाबळेश्वरची नोंद घेतली तर पॅनेल गरजेपेक्षा मोठं घेतलं जाईल, आणि उलट केलं तर पावसाळ्यात वीज कमी पडेल. उपग्रहावरून काढलेले फुकट आकडे संगणकावर मिळतात, तेही डोळे झाकून घेऊ नयेत. नासाच्या पॉवर संचात एक चौकोन पन्नास किलोमीटर किंवा त्याहून मोठा असतो. त्यात महाबळेश्वर आणि वाई दोन्ही एकाच सरासरीत विरघळतात. ग्लोबल सोलर अॅटलसचे चौकोन त्या मानानं पुष्कळ लहान आहेत, घाटमाथ्याजवळच्या गावांनी तोच पाहावा.

आणि कुठल्याही नोंदीला तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत नाही. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवरही नसतो. तेव्हा दोन मीटर उंचीच्या टाकीची सावली वायव्येला साडेतीन मीटर पसरते. दुपारी ती उत्तरेला येते आणि दोन मीटरच्या आत असते. म्हणून पॅनेल टाकीच्या आणि जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेला बसवावं. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावली फक्त त्या कोपऱ्याची वीज खात नाही. आतले घट एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक अडला की ओळीचा प्रवाह अडतो. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी सकाळी साडेनऊला, दुपारी साडेबाराला आणि साडेतीनला गच्चीवर खडूनं सावल्यांच्या कडा आखून ठेवल्या, तर जागा ठरवायला दुसरं काही लागत नाही.

आता वारा. त्याचा नियम उन्हापेक्षा कठोर आहे. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानं वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. त्यामुळे नुसती सरासरी इथे फसवते. एका जागी दिवसभर सेकंदाला तीन मीटरचा संथ वारा आहे. दुसऱ्या जागी अर्धा दिवस वारा पडलेला, अर्धा दिवस सहा मीटरचा. सरासरी दोन्हीकडे तीनच, पण दुसऱ्या जागेच्या वाऱ्यात चौपट ऊर्जा आहे. म्हणून वाऱ्याची नोंद महिन्याच्या सरासरीत मागू नये, तासातासाची मागावी.

पावणेतीन मीटर व्यासाच्या पात्यांची, विक्रेता जिला एक किलोवॉटची म्हणतो अशी चक्की घ्या. नेहमीच्या चढउतारासह सरासरी तीन मीटर वारा असेल, तर तिच्याकडून दिवसाला जेमतेम एक युनिट मिळतं. पाच मीटरला साडेचार-पावणेपाच. ऑगस्टमधल्या पॅनेलच्या तीन युनिटांची बरोबरी करायलाच तिला सव्वाचार मीटरहून अधिक वारा लागतो. पॅनेलची तऱ्हा ढगाळ महिन्यातली आणि चक्कीची तिच्या हक्काच्या हंगामातली, तरीही शहरात चक्की मागे पडते.

हे नोंदीत का दिसत नाही? कारण वाऱ्याच्या नोंदी घराच्या उंचीच्या नसतात. वेधशाळेचं वेगमापक मोकळ्या जागेत दहा मीटरच्या खांबावर असतं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेचे नकाशे मोठ्या पवनचक्क्यांसाठी आहेत, त्यांत १२० मीटरवरचा वेग दिलेला असतो. तिथे साडेसहा मीटर लिहिलेलं पाहून हुरळून जाऊ नये. घरं आणि झाडं असलेल्या वस्तीत बारा मीटरवर उतरेपर्यंत तो साडेतीन-पावणेचार होतो आणि ताकद पाचव्या-सहाव्या हिश्शावर येते. दुसरी अडचण केंद्रांची. शहरातल्या जुन्या वेधशाळांभोवती इमारती आणि झाडं वाढली. अशा केंद्राच्या नोंदीत दर दशकात वेग घसरताना दिसला, तर वारा कमी झाला असं लगेच समजू नये, आधी आजूबाजूला काय उभं राहिलं ते पाहावं.

शिवाय गच्चीवरचा वारा सरळ नसतो. भिंतीवर आदळून कठड्यावरून उसळतो, त्याचे भोवरे होतात. अडथळ्याच्या दुप्पट उंचीपर्यंत आणि मागे वीसपट अंतरापर्यंत हा गोंधळ जाणवतो. चक्की सारखी तोंड फिरवत राहते, वीज कमी होते आणि पाती, बेअरिंग लवकर झिजतात. इंग्लंडमध्ये इमारतींवर बसवलेल्या २६ चक्क्यांची प्रत्यक्ष मोजणी झाली, तिचा अहवाल २००९ मध्ये आला. त्यांनी सरासरीनं पूर्ण क्षमतेच्या एक टक्काही वीज दिली नाही. काहींच्या इन्व्हर्टरनं तर दिली त्याहून जास्त खाल्ली. जे बरे चालले ते उंच टॉवरवरचे.

भोवरे डोळ्यांनी पाहता येतात. पतंगाच्या दोरीला दर दोन-तीन मीटरवर लांब, हलक्या फिती बांधायच्या आणि वाऱ्याच्या दिवशी तो जागेवरून चढवायचा. खालच्या फिती फडफडतील, वळवळतील, कधी उलट्या फिरतील. ज्या उंचीवर फिती ताठ, एका दिशेला वाहू लागतात, तिथून वर चक्कीची जागा. गच्चीवर ती उंची बहुतेक वेळा इतकी निघते की तेवढा खांब इमारतीवर उभा करणं धोक्याचं ठरतं.

म्हणून पुण्याच्या गच्चीवर पवनचक्की बसवू नये, असं मी स्पष्ट म्हणेन. तेवढ्या पैशात आणखी एक किलोवॉट पॅनेल घ्यावं. नेट मीटरिंग असेल, तर उन्हाळ्यात ग्रिडला दिलेली वीज पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होते, पावसाळ्यातली तूट तिथेच बरीचशी भरून निघते.

चाळकेवाडी, ठोसेघरच्या बाजूला मात्र गणित फिरतं. तिथल्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत त्या उगाच नाहीत. नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणातून चढून कड्यावर दाबला जातो आणि माथ्यावरून वेगानं सुटतो. ढग दाट, धुकं दाट, पॅनेल सगळ्यात अशक्त असतं नेमक्या त्या जून ते ऑगस्टमध्ये वारा ऐन जोरात असतो. दिवाळीनंतर वारा मंदावतो आणि ऊन भरपूर पडतं. सड्यावर एकटं घर आहे, विजेची लाइन वारंवार जाते, बॅटरीवर भागवावं लागतं, अशा ठिकाणी छोटी चक्की आणि पॅनेल यांची जोडी खरोखर एकमेकांना सांभाळते. सड्यावरची झाडं पाहिली तरी खूण पटते. एकाच बाजूला झुकलेली, वाऱ्याकडच्या अंगाला फांद्या नसलेली झाडं हीसुद्धा वाऱ्याची नोंदच आहे.

पण तिथेही खांबाची जागा मोजून ठरवावी. कड्याच्या अगदी टोकाला वारा सर्वांत जोरात वाटतो, तरी उभ्या कड्यावरून तो उसळून मागे भोवरा करतो. काही अंतर आत, पतंगाच्या फिती स्थिर होतात तिथे खांब हवा. भोवतालच्या दीडशे मीटरमधल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा किंवा घरापेक्षा चक्की दहा मीटर वर राहील, इतकी त्याची उंची. निदान जून ते ऑगस्ट आणि मग डिसेंबर-जानेवारी इतके महिने नोंद ठेवणारं वेगमापक लावून आकडे घ्यावेत. त्याच महिन्यांचे जवळच्या वेधशाळेचे आकडे मागवून दोन्हींचं गुणोत्तर हंगामाप्रमाणे काढावं आणि वेधशाळेच्या मागच्या दहा वर्षांना त्या गुणोत्तरानं गुणावं. एखाद्या वर्षी मान्सून रेंगाळतो, एखाद्या वर्षी जुलैतच खंड पडतो. स्वतःच्या मोजणीचं वर्ष त्यातलं कुठलं होतं, ते या दहा वर्षांशेजारी ठेवल्यावर कळतं आणि बॅटरी किती मोठी घ्यायची ते मग वाईट वर्षाकडे पाहून ठरवता येतं.