कुजबुजताना ‘द’चा ‘त’ का होत नाही?

गळ्याच्या उंचवट्यावर दोन बोटं ठेवा आणि नेहमीच्या आवाजात ‘दार’ म्हणा. जीभ दातांवरून सुटायच्या आधीच बोटांना थरथर जाणवेल. आता तोच शब्द कुजबुजत म्हणा. थरथर नाही. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. ते अर्धवट जवळ येऊन थांबतात आणि मधल्या फटीतून हवा खरखरत वर येते. आवाजाच्या जागी नुसती फुसफुस उरते.

शाळेत घोष-अघोष शिकलेल्याला इथे अडखळायला हवं. ‘त’ आणि ‘द’ यांत जिभेची जागा एकच. फरक मुख्यतः घोषाचा, म्हणजे त्या थरथरीचा. ती काढून टाकल्यावर ‘दार लाव’ हे ‘तार लाव’ असं ऐकू यायला हवं. बहुतेक वेळा तसं होत नाही.

स्वरांचं कोडं सोपं आहे. ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे ठरतात ते तोंडाच्या पोकळीच्या आकारामुळे. ती पोकळी काही ठरावीक कंपनसंख्या उचलून धरते. खालून आलेला आवाज थरथरीचा असो वा फुसफुशीचा, तिला फरक पडत नाही. व्ही. सी. टार्टर या संशोधिकेने 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांनी कुजबुजलेले इंग्रजी स्वर सुमारे 82 टक्के वेळा बरोबर ओळखले. नेहमीच्या आवाजापेक्षा ते साधारण दहा टक्क्यांनीच कमी होतं. ‘स’ आणि ‘श’ तर जवळजवळ जसेच्या तसे राहतात, कारण त्यांचा आवाज मुळात जिभेपाशीच तयार होतो. वर्गात चाललेल्या कुजबुजीत मास्तरांच्या कानावर आधी सकारच पडतात ते यामुळेच.

खरी अडचण त-द, प-ब, क-ग यांची, आणि मराठीत ती इंग्रजीपेक्षा जास्त आहे. लिस्कर आणि अब्रामसन यांनी 1964 मध्ये अकरा भाषांतली स्फोटक व्यंजनं मोजली. त्यांत मराठीही होती. मराठी ‘द’मध्ये जीभ सुटण्याआधी साधारण शंभर मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, थरथर चालू असते. इंग्रजी बोलणारा शब्दाच्या सुरुवातीचा ‘द’सारखा वर्ण बरेचदा थरथरीशिवायच उच्चारतो आणि ‘त’सारख्या वर्णामागे हवेचा झोत सोडतो. झोत कुजबुजीत टिकतो. आपल्या ‘त’मागे झोत नाही, तो ‘थ’मागे आहे. म्हणून कुजबुजताना आपला ‘त’ ‘थ’पासून सहज वेगळा राहतो, ‘द’ ‘ध’पासूनही राहतो, पण त-द आणि थ-ध या जोड्या एकमेकींत मिसळू पाहतात. वर्णमालेतल्या महाप्राणांची सोय अशी अवेळी कामाला येते!

तरीही त-द पुरते एक होत नाहीत, कारण बोलणाऱ्याच्या सवयी सुटत नाहीत. ‘नाकाला’ आणि ‘नागाला’ कुजबुजून पाहा. ‘क’साठी तोंड जरा जास्त वेळ बंद राहतं आणि मागचा ‘आ’ किंचित आखडतो. ‘ग’साठी बंद थोडक्यात उरकतो आणि ‘आ’ लांबतो. शिवाय ‘क’च्या वेळी गळ्यातली फट जास्त उघडते, तोंडात हवेचा दाब वाढतो आणि सुटतानाचा फटका ठसठशीत होतो. थरथर असताना या बारकाव्यांकडे कानाला बघावंच लागत नाही. ती गेली की कान त्यांच्यावर भिस्त ठेवतो.

शब्दाच्या सुरुवातीला मात्र यातलं बरंच हातचं जातं. शांततेतून थेट ‘दार’ सुरू झालं तर तोंड किती वेळ बंद होतं ते ऐकणार कसं? मागे लांबायला स्वरही नसतो. हाती उरतो तो फटक्याचा जोर आणि पुढच्या स्वराची सुरुवात. घरी पडताळा घ्यायचा असेल तर कुणाला तरी पाठ करून बसवा आणि ‘तार’, ‘दार’ हे शब्द उलटसुलट क्रमाने कुजबुजा. मग ‘नाकाला’, ‘नागाला’. पहिल्या जोडीत चुका जास्त व्हाव्यात. एक दक्षता घ्या: आपली परीक्षा चाललीय हे कळलं की माणूस नकळत ‘त’ ठोकून म्हणायला लागतो आणि निकाल फसवा येतो. शब्द ‘हे दार बघ’ अशा वाक्यात घातला तर चुका कमी व्हायला हव्यात, कारण आता ‘द’च्या मागे स्वर आला.

रोजच्या बोलण्यात उरलेली फट अर्थ बुजवतो. ‘लाव’ म्हटल्यावर तार कुणाच्या डोक्यात येत नाही. अडचण होते ती अनोळखी नावं कुजबुजताना, आणि साध्या फोनवर. जुन्या पद्धतीची फोन लाइन 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज कापते, आणि ‘स’चा बराचसा जोर त्याहून वर असतो. समोरासमोर सगळ्यात खणखणीत टिकलेला वर्णच तिथे बोथट होतो.