घरगुती वीज देयकातील संज्ञा (सातारा व सांगली)

सातारा व सांगली जिल्ह्यांत वीजपुरवठा महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी (महावितरण) करते. कंपनीच्या रचनेत सातारा मंडल बारामती परिमंडलात, तर सांगली मंडल कोल्हापूर परिमंडलात येते. ही विभागणी कारभारापुरती आहे. विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि महावितरणच्या क्षेत्रात एका वर्गातील ग्राहकांना ते सारखेच लागू होतात. कोयना धरण पाटण तालुक्यात असले, तरी तेथील ग्राहकाला त्यामुळे वेगळा दर मिळत नाही.

मंजूर भार

ग्राहकाला एका वेळी जास्तीत जास्त किती शक्तीची उपकरणे चालवण्यास परवानगी आहे, हे मंजूर भारावरून कळते. तो किलोवॅटमध्ये, तर कृषिपंपासाठी अश्वशक्तीत नोंदवतात. १ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ०.७४६ किलोवॅट. साध्या सिंगल फेज घरगुती जोडणीत मंजूर भार १ किलोवॅट असो वा २, स्थिर आकार तोच राहतो. शेतीत मात्र या आकड्याला मोठे महत्त्व आहे. मीटर नसलेल्या कृषिपंपाचे देयक मंजूर अश्वशक्तीवरच आकारले जाते. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेची मर्यादाही ७.५ अश्वशक्तीच्या पंपापर्यंत आहे.

स्थिर आकार

वीज वापरली नाही तरी जोडणी चालू असेपर्यंत दरमहा द्यावी लागणारी रक्कम म्हणजे स्थिर आकार. २०२४-२५ या वर्षी सिंगल फेज घरगुती ग्राहकासाठी तो १२८ रुपये होता. त्यामुळे गावाकडील घर महिनाभर बंद असले, तरी देयक शून्य येत नाही.

युनिट आणि मीटर वाचन

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. १,००० वॅटचा हीटर एक तास किंवा १० वॅटचा एलईडी दिवा १०० तास चालला, की एक युनिट खर्च होते. मीटरवरील आकडा वाढतच जातो. त्यामुळे महिन्याचा वापर चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करून काढतात. देयकातील ‘गुणक अवयव’ साध्या घरगुती मीटरसाठी १ असतो.

देयकाचे उदाहरण

मागील रीडिंग २३४५ आणि चालू रीडिंग २४८५ असल्यास वापर १४० युनिट होतो. २०२४-२५ च्या दरांनुसार पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ४.७१ रुपये आणि १०१ ते ३०० या टप्प्यातील युनिटांना प्रत्येकी १०.२९ रुपये वीज आकार होता. १०० चा टप्पा ओलांडल्याने पहिली १०० युनिटे महाग होत नाहीत. वाढीव दर फक्त पुढील ४० युनिटांना लागतो. म्हणून वीज आकार ४७१ अधिक ४११.६०, म्हणजे ८८२.६० रुपये होतो. वीज वाहून आणण्याचा वहन आकार युनिटमागे १.१७ रुपये या दराने १६३.८० रुपये आणि स्थिर आकार १२८ रुपये धरल्यास बेरीज १,१७४.४० रुपये होते. तिच्यावर राज्य शासनाचे १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे १८७.९० रुपये, लागून देयक १,३६२.३० रुपयांचे होते. इंधन समायोजन आकार लागू असल्यास तो शुल्कापूर्वीच्या बेरजेत मिळवला जातो.

वाचन चुकल्यास

घर कुलूपबंद असल्याने किंवा अन्य कारणाने रीडिंग मिळाले नाही, तर सरासरी युनिटांवर देयक निघते आणि प्रत्यक्ष रीडिंग आल्यावर हिशेब जुळवला जातो. अशा वेळी दोन महिन्यांचा वापर एकत्र दिसतो. दोन महिन्यांची २८० युनिटे एकाच महिन्याची धरली, तर १८० युनिटांना वरचा दर लागतो. महिन्याला १४० धरल्यास तो दोन्ही महिने मिळून ८० युनिटांनाच लागतो. फरक १०० युनिटांचा, म्हणजे ५५८ रुपयांचा होतो आणि वीज शुल्कासह तो ६४७.२८ रुपयांवर जातो. म्हणून एकत्रित देयकात दरांचे टप्पेही तितक्या महिन्यांचे धरलेले असावे लागतात आणि आधी भरलेली सरासरी रक्कम वजा झालेली असावी लागते.

पडताळणीसाठी देयकावरील चालू रीडिंग मीटरवरील आकड्याशी ताडून पाहतात. देयकानंतर काही दिवसांनी मीटरवरचा आकडा थोडा पुढे गेलेला असणे स्वाभाविक आहे. तो देयकावरील आकड्यापेक्षा कमी असेल, तर वाचन चुकीचे आहे. देयकावर सलग दोन महिने चालू आणि मागील रीडिंग सारखेच असून युनिटे मात्र आकारलेली असतील, तर ते सरासरीचे देयक असते.

वरील दर २०२४-२५ चे असून आयोगाच्या नव्या आदेशानुसार ते बदलतात. गणिताची रीत तीच राहते.